साहेब आपल्याविषयी काय बोलले

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली शीला एकदाची चेन्नईला पोहोचली, ती अक्षरशः अंगाचं भुसकट करून. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत कारखान्यात जीन्सच्या खिशांना टिपा मारत होती. अल्पेशशेठला लग्नसराईची ऑर्डर द्यायची घाई, त्याने सुट्टी दिली तीही तोंड वाकडं करून. गाडीत जागा मिळाली दाराजवळ. डोळा लागेल कसा? पण बाई खूश होती. धाकटा भाऊ सम्यक आज इथल्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडणार होता.

वडील भीमराव गेले तेव्हा सम्यक सातवीत. आई चांगुणा वर्षभरातच अर्धांगाने अंथरुणाला खिळली. तेव्हापासून आईचं औषधपाणी, भावाचं शिक्षण आणि कारखाना, सगळं शीलाच्या डोक्यावर. लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, "आधी ह्याचं होऊ दे." ह्याचं होता होता हिची चाळिशी जवळ आली, आणि विचारणारेही थकले.

शेजारच्या काशीचा भाचा मागे इथूनच बाहेर पडला होता. काशीने सांगून ठेवलं होतं, "परेडला मोठे साहेब भाषण करतात बघ. आधी पोरांचं कौतुक, मग शिकवणाऱ्यांचं, आणि शेवटी आपलं. घरच्यांचे आभार मानतात, तेही सगळ्यांसमोर, माईकवरून! माझी बहीण तर ढसाढसा रडली." ते शीलाच्या मनात घर करून बसलं. एवढ्या वर्षांत तिचे आभार कुणी मानले नव्हते. घरच्या माणसाचे कोण मानतो म्हणा! पण एकदा, एकदाच, कुणी मोठ्या माणसाने ते म्हणावं आणि आपण कानांनी ऐकावं, एवढीच तिची हौस होती.

घरच्यांना उजाडतानाच आत घेऊन खुर्च्यांवर बसवलं. मग सुरू झालं ते संपेचना. बँड वाजला, कॅडेट रायफली घेऊन मैदानात आले. मोठे साहेब आले, त्यांना सलामी झाली. त्यांनी रांगांची पाहणी केली. मग संचलन, आधी संथ चालीने, नंतर जलद. सम्यक कुठला, हे शीलाला काही केल्या कळेना. सगळे एकाच साच्यातले! पहिल्या आलेल्याला मानाची तलवार मिळाली, दोघातिघांना पदकं. सम्यकला काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काडीचंही वाटलं नाही.

मग पोरांना विश्रामात उभं केलं आणि साहेब माईकपाशी आले. शीला सावरून बसली. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी. कॅडेटांचं अभिनंदन झालं, कवायत उत्तम झाली म्हणाले. जवानाची काळजी आधी, स्वतःची नंतर, हे विसरू नका म्हणाले. मग प्रशिक्षकांचं कौतुक सुरू झालं. काशीने सांगितलेल्या क्रमाने सगळं चाललं होतं. आता आपली पाळी, असं मनाशी म्हणत तिने पाठ खुर्चीला टेकवली. बस्स, तिथेच घात झाला.

टाळ्यांनी दचकून जाग आली तेव्हा साहेब माईकपासून बाजूला झाले होते. शेजारची पंजाबी बाई ओढणीने डोळे पुसत होती.

"क्या बोले साहब?" शीलाने घाबरून विचारलं.

"बहोत अच्छा बोले, बहन, बहोत अच्छा," एवढं म्हणून ती पुन्हा रडायला लागली. आता हिला काय विचारायचं, कपाळ!

शीलाला स्वतःचीच इतकी चीड आली की समोर बँडच्या सुरांवर पोरं संथ पावलांनी अधिकारी होण्याची शेवटची पायरी ओलांडून गेली, तेही तिने धड पाहिलं नाही.

नंतर घरच्यांना पोरांजवळ सोडलं. खांद्यावरचे तारे कापडी पट्टीखाली झाकलेले असतात. ती पट्टी घरच्यांनी काढायची. सम्यक समोर ताठ उभा होता, उन्हाने काळा ठिक्कर. शीलाने एका खांद्याची पट्टी काढली, मग आईच्या वाटची म्हणून दुसऱ्याही खांद्याची. दोन्हीकडे दोन-दोन तारे चमकले. रडू यायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं.

"सम्यक, साहेब शेवटी काय रे बोलले? घरच्यांविषयी?"

तो ओशाळला. "ताई, खरं सांगू? काही नाही ऐकलं. तेवढा वेळ उभं राहून चक्कर येते गं. मी बुटात पायाची बोटं हलवत होतो. पडलो असतो तर सगळं मुसळ केरात." मग त्याला काय वाटलं कोण जाणे. "का? तूपण नाही ऐकलंस?"

"मला झोप लागली रे," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "तेवढंच ऐकायचं होतं मला. नेमकं तेव्हाच."

सम्यक तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या बोटांवरचे सुईचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्याला आज पहिल्यांदाच दिसत असावं. मैदानभर घुमेल असा हुकूम द्यायला शिकलेल्या त्या पोराने तिचा हात हातात घेतला.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "खूप दमलीस ना गं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"हो रे," ती म्हणाली. "खूप दमले."