किती वेळा सोडली?

आमचे हे गेल्यापासून दुपारी डोळा लागला की मला महाळुंगे पडवळचं एक अंगण दिसतं. पिवळसर ऊन, वाळत घातलेल्या मिरच्या, आणि खाटेवर लिहायची फळी मांडीवर घेऊन बसलेले हे. तेव्हा त्यांचे केस काळे होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही दोघं एका आरोग्य पाहणीसाठी गावोगाव फिरत होतो. प्रश्न त्यांनी तयार केले होते. खरी पाहणी सुरू होण्याआधी ते लोकांना नीट कळतात का, हे आम्ही पाहत होतो.

समोर त्या घरची नवी सून बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या सासूबाई उंबऱ्यात दातांना तंबाखूची मिशेरी घासत होत्या.

"मिशेरी सोडायचा प्रयत्न किती वेळा केलात?" यांनी विचारलं.

ती गोंधळली. पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "दोनदा."

सासूबाईंचं बोट दातावरच थांबलं. "म्हंजे लावतीस व्हय गं? माज्याच डबीतली?"

"न्हाई वो आत्याबाई! म्या कदी हात लावला न्हाई."

"मग दोनदा काय सोडलंस? आणि म्हायेरच्यांनी सांगितलं, पोरगी लई साधी!"

सुनेचे डोळे भरून आले. मी तिच्याजवळ सरकले. "मग दोनदा का म्हणालीस?"

"एकदाबी न्हाई म्हनले असते तर वाटलं असतं, लावती आन् सोडायचं मनातबी न्हाई."

यांनी पेन खाली ठेवलं. मग सासूबाईंकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "मावशी, तुम्ही दारू किती वेळा सोडलीत?"

"अगं बया! अवो, पिले कदी मी, ते सोडीन?"

"एकदाही नाही, असं लिहू?"

"तसं लिवू नगा! लोक म्हनतील, म्हातारी अजून पितीया!"

बोलता बोलता त्या थांबल्या. सुनेकडे पाहिलं. मग तोंडातली मिशेरी सांभाळत अशा हसल्या की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"चूक माझ्या प्रश्नाची," हे म्हणाले, आणि सुनेला नव्याने विचारलं, "तुम्ही कधी मिशेरी लावली आहे का?"

"न्हाई."

"मग पुढचे प्रश्न तुम्हाला नाहीत."

सासूबाईंना त्यांनी एकेक पायरीने विचारलं. कधी लावली आहे का? हो. हल्ली लावता? दिसत न्हाई व्हय? सोडायचा प्रयत्न कधी केला का? "कशापायी सोडू?" तेव्हा त्यांनाही 'किती वेळा' विचारावं लागलं नाही.

"चा टाक गं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. आवाजात अजून जरा ताठा होता. "आन् आपल्या दोघींचाबी टाक. पावन्यांसंगं बसून पी."

ती उठली. आत जाताना तिने नाक पदराला पुसलं, आणि चुलीपाशी फुंकणीचा आवाज सुरू झाला.