हातचा

आमच्या पॉलिटेक्निकच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये सबमिशनच्या शेवटच्या दिवशी मी जरा जास्तच चिडकी होते. मुलांनी सीनियर्सच्या फायली उतरवलेल्या असतात आणि मला ते ओळखू येतं हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी दरवर्षी तोच खेळ.

त्या दिवशी रेवदंड्याच्या पलीकडच्या एका गावातली मुलगी प्रॅक्टिकलची रेकॉर्ड-वही घेऊन समोर उभी राहिली. आई पाय मोडून पडल्यामुळे सत्रातले बरेच दिवस ती घरीच होती. बाहेर बाकावर तिचे वडील तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी दारातून जाताना ते उठून म्हणाले होते, "बाई, आज सही झाली न्हाय तं पोरीचं हेच शेवटचं वरीस. घरी कामाला मानूस लागतंय." आवाजात राग नव्हता. सगळं ठरवून झालेल्या माणसासारखे ते बोलले.

मी प्रोग्रॅम उघडला. संख्यांची बेरीज करायची, मग त्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शनसमोर कॉमेंट लिहायची. अक्षर मोत्यासारखं. पण बेरीज करणाऱ्या ADD M समोर लिहिलं होतं, ‘कॅरी नसेल तर उडी मार’. उडी मारणाऱ्या JNC समोर ‘B एकने वाढव’. मी एक-एक ओळ वर-खाली करून पाहिली आणि मला हसूच आलं. उतरवताना एक कॉमेंट सुटली होती आणि पुढची सगळी माणसं बसमध्ये एक-एक सीट पुढे सरकून बसली होती! शेवटच्या HLT ला कुणीच उरलं नव्हतं, तिथे तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, ‘आता थांब’.

"कॅरी म्हणजे काय गं?" मी विचारलं.

तिचे डोळे भरायला लागले. मला रडणाऱ्या मुलांसमोर काय करावं कळत नाही, म्हणून मी तिला प्रोग्रॅम चालवून बघायच्या किटसमोर बसवलं. "‘किती संख्या’ लिहिलंय त्या जागी दोन टाक. मग F0 आणि 20. आता चालव. A मध्ये काय आलं बघ."

तिने कळा दाबल्या. डिस्प्लेवर 10 उमटलं; A मध्ये दोनच आकडे मावतात. इथली मोजणी दहाची नाही, सोळाची, F म्हणजे पंधरा; ती बोटांवर तसं मोजत राहिली, पुन्हा डिस्प्लेकडे पाहिलं. रडणं विसरून म्हणाली, "पण मॅडम, येक येक शून्य याला पायजे ना? वरचा येक... हातचा कुठं गेला?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी इतकी वर्षं ‘कॅरी फ्लॅग, कॅरी फ्लॅग’ करत फळा भरत होते आणि तो शब्द तिच्या कानावरून जात होता. हातचा मात्र तिला दुसरीपासून माहीत होता.

"B मध्ये बघ."

तिने पाहिलं. 01. "हां! हातचा आला तं B मधी ठेवला. नसता आला तं JNC नं त्याच्यावरून उडी मारली असती." मग ती थांबेचना. क्रमवारीच्या भागात CMP M वर बोट ठेवून तिने विचारलं, हे काय करतं? मी म्हटलं, A मधून समोरची संख्या मनातल्या मनात वजा करतं, उत्तर कुठेच लिहीत नाही. ती म्हणाली, "मंग उसना घ्यावा लागला तं A लहान. लहान पुढं हायच, तवा दोघांना हलवाचं न्हाय. उसना हाय म्हनून JC नं उडी मारून सरळ पुढं जायचं." अगदी बरोबर. वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्यांची दांडी नेमकी इथेच उडते.

मी जुनी पानं काढायला लावली. खिडकीजवळ बसून तिने सगळ्या कॉमेंट नव्याने लिहिल्या, मराठीत, स्वतःच्या. खाली मान, जीभ दातांत धरलेली. मी सही केली. तिने पान फुंकर घालून वाळवलं, जणू शाई पळून जाणार होती.

बाहेर वडील उभे होते. खिडकी उघडीच असल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "हातचा म्हंजी आमच्या शालंत व्हता तोच?"

"व्हय, बाबा. तोच."

मी आत वळणार तोच त्यांनी मला हाक मारली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत, जरा अवघडून म्हणाले, "बाई, पुढचं वरीस कवा चालू व्हतंय? तिच्या आईला सांगाला लागंल."