धुळ्याची नोकरी, जळगावचं काम

आमची दिपमाला जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात नोकरीला आहे, असं अख्खं असोदा गाव सांगायचं. मीही तेच सांगायचे, आणि मी तर तिची सख्खी वहिनी. घरातल्या माणसालाच उमजलं नाही, तिथं गावाला काय बोलणार!

पोरगी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली आणि त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. प्लास्टिकच्या दाण्याचे नमुने तपासायचे, चटईची पट्टी यंत्रात ओढून किती ताणाला तुटते ते बघायचं, रंग उन्हात टिकतो की नाही ते ठरवायचं. तिनं नाही म्हटलं की माल गाडीत चढत नसे. पगार मात्र धुळ्याची एक मनुष्यबळ एजन्सी द्यायची. नेमणुकीचं पत्र त्यांचं, पीएफ त्यांच्या नावानं, ओळखपत्रही त्यांचंच. पण धुळ्याचं ते ऑफिस तिनं लागताना एकदा पाहिलं, तेवढंच. सहा वर्षं राबली ती कारखान्यातच.

तिथले क्वालिटी मॅनेजर रुपचंदभाऊ आमच्याच गावचे. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्राची पूजा ते दरवर्षी दिपमालाच्या हातून करवून घ्यायचे. कायम नोकरीतले लोक बाजूला उभे आणि नारळ हिच्या हातात! "ही कंपनीची लेक आहे," असं सगळ्यांदेखत म्हणायचे. पोरगी हुरळून जायची. खरं सांगते, मीही हुरळून जायचे.

मग नाशिकच्या एका पॅकेजिंग कंपनीत जागा निघाली. स्वतःच्या पटावर घेणार होते, मधे एजन्सी नाही. दिपमालाचा त्या जागेवर फार जीव होता. अर्ज भरताना "सध्याची कंपनी" या रकान्याशी ती अडली आणि तिनं माझ्यासमोर रुपचंदभाऊंना फोन लावला.

"कारखान्याचंच नाव टाक वं," ते म्हणाले. "धुळ्याचं कोन वळखते? कोन्ही इचारलं तं मी आहे ना."

मुलाखत झाली, निवड झाली, पत्र आलं. दिपमालानं एजन्सीला राजीनामा पाठवला, रीतसर महिनाभर काम करून सुटली. मी गावभर पेढे वाटले. आणि नाशिकच्या लोकांनी पडताळणी सुरू केली. कारखान्याकडून त्यांना उत्तर गेलं, की या नावाची व्यक्ती आमच्या नोकरीत कधीच नव्हती. ते उत्तर रुपचंदभाऊंना विचारूनच गेलं होतं, हे मागाहून कळलं. पीएफमध्ये तर नाव एजन्सीचंच. अर्जात चुकीची माहिती दिली म्हणून नाशिकनं निवड रद्द केली.

तिथल्या बाई फोनवर चांगलं बोलल्या. म्हणाल्या, "नोकरी एजन्सीची आणि कामाचं ठिकाण हा कारखाना, एवढं लिहिलं असतंत तर काहीच अडलं नसतं. असे कितीतरी उमेदवार आम्ही घेतो."

मी दिपमालाला ओढतच रुपचंदभाऊंच्या दारी नेलं. ते ओट्यावर बसले होते. आत या म्हणाले नाहीत.

"भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं ना?" दिपमालानं विचारलं.

"आमी लिहून दिलं अस्तं की तू आमची, तं उद्या तू कायमची नोकरी मांगायले कोर्टात उभी राह्यली अस्ती," ते म्हणाले. "कंपनीले ते जमत नही. माह्या नोकरीचाबी सवाल आहे."

तिनं आयुष्यात कोर्टाची पायरी पाहिली नव्हती. मला असा संताप आला की त्या ओट्यावर मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्याच्या शब्दावर दिपमाला डोळे मिटून चालली, त्यानंच खड्ड्यात घातलं. रस्त्यानं येताना एवढंच म्हणाली, "वहिनी, याईनं मले माह्या तोंडावर नाकारलं."

आता दुसरीकडे खरा अर्ज करायचा तर अनुभवाचा दाखला हवा, म्हणून आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. दुकानांच्या वर एजन्सीच्या दोन खोल्या. हिलाल नावाचे कारकून होते. त्यांनी संगणकात तिचं नाव पाहिलं.

"ताई, तुम्ही आमनाच शेतस," ते म्हणाले. "दाखला आत्ते करी देस."

तुम्ही आमच्याच आहात, किती सहज म्हणाले! जे ऐकायला आम्ही त्या ओट्यावर उभ्या राहिलो होतो, ते इथं न मागता मिळालं. दिपमालाचे डोळे भरून आले.

मग हिलालभाऊंनी खुर्ची पुढं ओढली, बोटं कळफलकावर ठेवली आणि विचारलं, "पन तठे तुम्ही काम काय करेत?"

सहा वर्षं ज्यांच्या नावावर ती नोकरीला होती, त्यांना ते ठाऊक नव्हतं. तिनं सावकाश सगळं सांगितलं, दाणा, पट्टी, ताण, रंग, आणि ते टाइप करत गेले. शेवटी म्हणाले, "तठला एखादा साहेबनं नाव द्या. कोनी इचारं तं सांगाले, का तुमनं काम त्यानी देखेल शे."

तिचं काम पाहिलेल्या रुपचंदभाऊंचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. दिपमालानं माझा हात दाबला.

"तिथं मले वळखनारं कोन्ही नही," ती म्हणाली.