मधल्या रकान्यातला मामा

मॅट्रिकच्या फॉर्मावर मधल्या रकान्यात मी वडिलांचं नाव लिहिलं आणि शाळेच्या क्लार्कने माझ्या डोळ्यांदेखत त्यावर रेघ मारली.

"रजिस्टरात मामाचं आहे. तेच घाल."

माझं डोकंच फिरलं. "मामा काय माझा बाप आहे?"

"नाही गं बाई. पण फॉर्म रजिस्टराबरहुकूम भरायचा. इथे वडिलांचं घातलंस तर शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि बोर्डाच्या सर्टिफिकेटवर दुसरं. आधी रजिस्टर दुरुस्त करून घे. शाळेत नाव आहे तोवरच ते त्यातल्या त्यात सोपं."

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात काम करताना वडील वारले, तिथल्या साहेबांनी आईला शब्द दिला होता. मुलगी मॅट्रिक झाली की ऑफिसात घेऊ, पण कागद जुळले पाहिजेत. त्यांच्या कागदावर मी वडिलांची मुलगी. शाळेच्या कागदावर माझं नाव, मामाचं नाव आणि वडिलांचं आडनाव. असा बाप जगात कुठे नव्हताच!

हे झालं कसं, तेही ऐका. वडील गेल्यावर आम्ही बदलापूर गावात मामाकडे आलो आणि आई मला शाळेत घालायला गेली. मामा कामावर, म्हणून ती एकटीच. गुरुजींनी माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं, तिने सांगितलं. मग म्हणाले, "वडिलांचं नाव?" आई गप्प. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. अहो, माणूस जाऊन वर्ष झालं होतं, आता काय डोंबल कमी होणार होतं? गुरुजींनी पुन्हा विचारलं. आई पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बरं, राहता कोणाकडे?" भावाचं नाव तिने चटकन सांगितलं. तेच त्यांनी मधे लिहिलं आणि मोकळे झाले. मी तिथेच उभी होते. मला वडिलांचं नाव पाठ होतं. पण पोरीला कोण विचारतो?

आईला वाचता येत नव्हतं. मला वाचता यायला लागल्यावर मी भांडले, तर मामा म्हणाला, "असू दे गं, मी काय परका आहे?" परका नव्हताच तो, त्याने आम्हाला पोसलं. पण म्हणून माझा बाप पुसायचा? तेच नाव प्राथमिकच्या दाखल्यावरून हायस्कुलात आलं.

हेडमास्तरांनी सांगितलं, आईचा अर्ज, जन्माच्या नोंदीचा उतारा आणि मॅजिस्ट्रेटपुढचं प्रतिज्ञापत्र आणा, मी मंजुरीसाठी ठाण्याला शिक्षण खात्याकडे पाठवतो. प्रतिज्ञापत्र उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी टायपिस्टाने करून दिलं. त्याने वडिलांचं नाव विचारलं तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम तोंड मिटून बसले. नाव मामाने सांगितलं आणि माझा असा संताप झाला की परतीच्या वाटेवर मी दोघांशी बोलले नाही.

कल्याणच्या कचेरीत मॅजिस्ट्रेट साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि मान वर केली. "बाई, तुमच्या मयत पतीचं नाव काय?"

आईने मामाकडे बघितलं. मामा पुढे झाला.

"तुम्ही नाही. शपथ त्यांची आहे, त्यांनीच सांगायचं."

मागे माणसं ताटकळत होती. माझ्याच्याने राहवलं नाही. "आई, लग्नात उखाण्यात घेतलंस ना? मग आता घे की! तुझ्या गप्प बसण्याने त्यांना दुसऱ्यांदा मारलंय!"

साहेब मला दटावणार, तेवढ्यात आईने पदर सारखा केला आणि नाव घेतलं. वडिलांचं, आजोबांचं, आडनाव, सगळं सरळ, उखाण्याबिखाण्याशिवाय. साहेबांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. ती मात्र हलली नाही. मला म्हणाली, "बरोबर लिहिलंय का बघ." मी वाचून दाखवलं तेव्हा कुठे ती दाराकडे वळली.

ठाण्याची मंजुरी आली, रजिस्टर सुधारलं, मग फॉर्म भरला. मी पास झाले आणि कारखान्याच्या ऑफिसात लागले.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. बैठकीत सासरे म्हणाले, "आता ऑफिसात अर्ज देऊन वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव लावून घ्यायचं."

मी तोंड उघडायच्या आत आतल्या दारातून आईचा आवाज आला, "घरात काय हवं ते लावा. कागदावर तिच्या वडिलांचं नाव आहे." आणि भरल्या बैठकीत तिने ते खणखणीत घेतलं.