सासूबाईंना पाचपैकी पाच

नव्या कामगारांसाठी वीस मिनिटांचा सुरक्षेचा पाठ तयार करायचं काम कारखान्यातल्या सेफ्टीबाईंच्या गळ्यात पडलं, कारण गेल्याच महिन्यात पॅकिंगच्या फिरत्या पट्ट्यात एका नव्या पोराच्या बोटाचं पेर गेलं होतं. त्या पोराने जुना पाठ ऐकला होता. वर पाचपैकी पाच गुणही मिळवले होते. बाईंच्या डोक्यात हेच कुसळासारखं सलत होतं.

उद्या सकाळी चौदा नवे येणार होते. मॅनेजर तीनदा बजावून गेले होते, "बाई, सगळे पास झाले पाहिजेत. नऊला लाइन सुरू."

संध्याकाळी बाईंनी स्वतः लिहिलेले नवे प्रश्न जेवणाच्या टेबलावर पसरले. भाजी निवडता निवडता सासूबाईंनी कागद ओढला. जन्मात कधी त्या कारखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. पेन्सिल घेऊन पटापट खुणा केल्या. पाचपैकी पाच.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? जे उत्तर सगळ्यात लांबलचक नि शहाण्यासारखं, ते बरोबर. बाकीची तर वेडासुद्धा निवडणार नाही. 'चालू मशीनमध्ये डोकं घालेन' म्हणे."

बाईंनी कपाळावर हात मारला. आठवडाभराची मेहनत, आणि मेथीची जुडी निवडून व्हायच्या आत निकाल. चिडून त्यांनी कागद फाडला आणि त्या पोराला जे घडलं तेच लिहायला बसल्या.

'पट्ट्यात खोका अडकलाय. शेजारचा जुना गडी म्हणतो, मशीन कशाला थांबवतोस, काठीने ढकल. तू काय करशील?' काठीने खोका पुढे ढकलेन. वेग कमी करून हाताने काढेन. मशीन थांबवून फिटरला बोलावेन. तिन्ही उत्तरं सारख्याच लांबीची, आणि पहिली दोन रोज कुणीतरी करतंच अशी. बाकीचे चार प्रश्नही तसेच.

सकाळी खोक्याच्या प्रश्नात चौदांपैकी नऊ जण चुकले.

मॅनेजरांचा चेहरा कडू झाला. "कालच्या पेपरात काय वाईट होतं?"

"त्यात माझ्या सासूबाई पास झाल्या. त्यांना लावू का लाइनवर?"

मग बाईंनी सगळ्यांना बंद पट्ट्यापाशी नेलं. फिटरने मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सुरू करायचं बटण दाबून दाखवलं; पट्टा हलला नाही. त्यानंतरच त्याने आत हात घातला. कशासाठीही त्याआधी आत हात घालायचा नाही, हे नऊ जणांनी आपल्या शब्दांत एकेक करून सांगितलं. मग बाईंनी प्रश्न बदलून पुन्हा विचारला: यावेळी खोका नव्हता, पट्ट्याखाली हातमोजा पडला होता. आठ जणांचं उत्तर बरोबर आलं. नववा "हातमोजा माझाच असेल तर?" म्हणाला, आणि दिवसभर पट्ट्यापासून लांब, लेबलं चिकटवत बसला.

लाइन सव्वादहाला सुरू झाली. मॅनेजर घड्याळाकडे बघत केबिनमध्ये निघून गेले.

घरी सासूबाईंनी नवा कागद मागून घेतला. पाचपैकी दोन चुकल्या.

"कठीण काढलायस," त्या फुरंगटून म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.