पासला पस्तीस

जूनमधला पहिला रविवार, दुपारचे दोन, भोकरदन. हजर: माझी भाची, तिचे वडील म्हणजे आमचे दाजी, आणि वही घेऊन मी.

भाचीला जर्मनीत एमएस्सीसाठी अर्ज करायचा होता. तिकडे पास होणाऱ्याला एक ते चार अशी श्रेणी देतात आणि एक सगळ्यात चांगली. अट होती २.५ किंवा त्याहून कमी. तिला बीएस्सीला बरोबर सत्तर टक्के होते.

टक्क्यांवरून ती श्रेणी काढायचं सूत्र मी वहीत उतरवून आणलं होतं. शंभरातून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला शंभर वजा पासचे गुण यानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तर आलं २.३८.

दाजी म्हणाले, "सत्तर टक्क्याचे अडीच बी न्हाई?"

"पप्पा, तिथं कमी तेच चांगलं."

"मंग दहावीला मी लय हुशार होतो म्हणायचं."

भाचीनं गुणपत्रिका उलटी केली. "मावशी, पासला किती धरले तू?"

"पस्तीस." वीस वर्षं शाळेत शिकवते, दुसरा आकडा सुचतच नाही. गुणपत्रिकेच्या मागे छापलं होतं, उत्तीर्णतेसाठी किमान चाळीस.

पुन्हा मांडलं. तीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक. नेमके २.५.

दाजींनी अट तीनदा वाचायला लावली. "बसली बराबर," ते म्हणाले आणि चहा ठेवायला स्वतः उठले.

अर्जासाठी वहीत लिहिलेल्या सगळ्या कामांवर खुणा झाल्या. एकच राहिलं: पासचे गुण चाळीस असल्याचं विद्यापीठाचं पत्र अर्जाला जोडायला आणणे.