नमुन्यादाखल दिलेला कूलर

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर जुन्या वस्तू विकायचे नियम मी लिहिले, हे आमच्या घरात आजही चारचौघांत सांगण्यासारखं समजलं जात नाही.

त्या आधी ग्रुपवर जे चालायचं त्याला बाजार म्हटलं तर परभणीच्या गुरुवारच्या बाजाराला राग येईल. कुणी सायकलीचा फोटो टाकायचं, खाली किंमतच नाही. मग "भाव काय?", "कितीला?", "शेवटचं सांगा" असं दिवसभर चालायचं. मधेच कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाची बातमी यायची आणि तिच्याखाली "दोनशे कमी करा" असा निरोप यायचा. एका घरानं मिक्सर विकला, तो नेल्यावर कळलं की भांडी वेगळी विकायची हायेत. आणि अभ्यासाचं एक टेबल एकाच वेळी दोन घरांना कबूल झालं. त्या दोन घरांतल्या बाया त्या वर्षी एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

टेबलाचं प्रकरण झाल्यावर आमचे अध्यक्ष, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि ज्यांना सगळे काका म्हणतात, ते माझ्याकडे आले. म्हणाले, तू सरकारी कचेरीत परिपत्रकं लिहितोस, आमच्यासाठी एक लिही. आता, तीस वर्षं माझी परिपत्रकं कुणी वाचलेली नाहीत. साठ घरं वाचणार म्हटल्यावर माझी छाती फुगली.

दोन दिवस खपून मी नऊ नियम काढले. विक्रीची पोस्ट फक्त रविवारी, सकाळी आठ ते रात्री आठ. फोटो वस्तूचाच आणि त्याच दिवशी काढलेला, नेटवरचा नको. किंमत लिहायचीच, "किंमत खाजगीत विचारा" चालणार नाही. वस्तूत काय बिघाड आहे ते आधी सांगायचं, गुण नंतर. ज्याला पाहिजे त्यानं ग्रुपवरच "मी घेतो" किंवा "मी घेते" लिहायचं, आणि जो पहिला, त्याचा हक्क दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, त्यानं नेली नाही तर दुसऱ्याचा. घासाघीस करायची तर दोघांत, ग्रुपवर नाही. आगाऊ पैसे कुणी मागायचे नाहीत, वस्तू चालवून बघायची आणि मगच द्यायचे. गॅसची टाकी, औषधं असलं काही विकायचं नाही, आणि गाडी असेल तर कागदपत्रं नावावर करून दिल्याशिवाय नाही. वस्तू गेली की पोस्टखाली "विकली" लिहायचं, म्हणजे लोक उगं विचारत बसत नाहीत.

यातच पाचव्या नियमाला मी एक शेपूट जोडलं होतं, टेबलवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून: एकदा कुणी "मी घेतो" लिहिलं की विकणाऱ्यानं माघार घ्यायची नाही. घेतली तर तीन महिने त्याची पोस्ट बंद.

काका म्हणाले, नियम झकास, पण लोकांना नमुना लागतो, नमुन्याशिवाय आपले लोक अर्ज भरत नाहीत. मग मी घरात नजर फिरवली. समोरच आमचा कूलर होता.

तो पत्र्याचा, पोटमाळ्याएवढा कूलर मी आमची लेक झाली त्या वर्षी स्टेशनकडच्या एका वेल्डरकडून बनवून घेतला होता. लेक नांदेडला शिकायला गेली, कूलर मात्र होता तिथंच होता. सुरू झाला की शेजारी दार लावून घ्यायचे. बायको त्याला दरवर्षी मार्चमध्ये "हा काढा एकदाचा" म्हणायची आणि मी दरवर्षी एप्रिलमध्ये त्याचं गवत बदलायचो. म्हटलं, या कूलरला जगात कुणी विचारणार नाही. नमुन्याला याच्यासारखी वस्तू नाही. बिघाड लिहायला बसलो तेव्हा बायकोच सांगायला बसली, आणि तिची यादी तयारच होती. पोस्ट झाली ती अशी:

*विकायचे आहे: पत्र्याचा कूलर, मोठा, स्टँडसह.*
*बिघाड: आवाज लय आहे. सुरू करताना उजव्या कोपऱ्यावर रबरी चपलेनं एक थाप मारावी लागते. डाव्या जाळीला गंज. चाक एक नाही, विटेचा तुकडा सोबत देऊ.*
*ठीक आहे: पाण्याची मोटर मागच्या वर्षी नवी. तीन बाजूंचं गवत नवं. अर्थिंग तपासलेलं.*
*किंमत: पंधराशे. थोडंफार कमी होईल, ते खाजगीत बोलू.*
*पाहायला: संध्याकाळी सहा ते आठ. चालवून बघा, मगच पैसे. न्यायची सोय घेणाऱ्यानं करावी.*

नियमांच्या शेवटी मी लिहिलं, "नमुना खाली पाहावा." आणि मग फोटो वेगळा टाकला, पोस्ट त्याच्या खाली. फोटोवर "नमुना" हा शब्द नाही. दिवस रविवार, वेळ सकाळची साडेनऊ, फोटो त्याच सकाळचा. माझी पोस्ट माझ्याच नऊ नियमांत चोख बसली होती.

चौथ्या मिनिटाला उत्तर आलं. "मी घेते."

मागच्या गल्लीत एक शिक्षिका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. पिंगळीच्या शाळेत रोज येणंजाणं, त्यामुळे दिसायच्या कमी, ग्रुपवर तर कधीच बोलायच्या नाहीत. त्यांनी नियम वाचलेच नव्हते. लांबलचक मजकूर कोण वाचतो? फोटो पाहिला, खालचं वाचलं, आणि लिहिलं.

मी हसलो. बायकोला म्हणालो, बग, फसल्या मॅडम. नंतर "हा फक्त नमुना आहे" असं लिहायला घेतलं, तेवढ्यात काकांचा निरोप येऊन पडला, "पहिला व्यवहार! अभिनंदन!" पाठोपाठ वीसेक अंगठे. टेबलवाल्या दोन्ही घरांचेही होते. अनेक महिन्यांनी त्या दोन घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे माझा कूलर.

पोस्ट काढून टाकायचा विचारही मनात आला. पण साठ घरांनी पाहिलेली पोस्ट काढणं म्हणजे चोरानं मागं आपली चप्पल ठेवण्यासारखं. मी ठरवलं, संध्याकाळी मॅडम पाहायला येतील तेव्हा समोरासमोर समजावून सांगू.

त्या सहाला आल्या. सोबत हातगाडीवाला. मी खुर्ची पुढं केली आणि बोलायला सुरुवात करणार, तर त्याच म्हणाल्या,

"भाऊ, इतक्या खरेपणानं कुणी लिहीत न्हाई. चपलेचं वाचलं तवाच ठरवलं, हा माणूस फसवणारा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, तीन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, उद्या दवाखान्यातून घरी सोडणार होते. खोलीवर पत्रा. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळाला उकाडा लागू देऊ नका, हवा खेळती ठेवा, पण वारा थेट अंगावर नको. नवीन कूलरचे भाव या दिवसांत विचारूच नयेत. त्या दोन दुकानं फिरून आल्या होत्या.

मी तरीही म्हणालो, आवाज फार आहे हो, लेकराची झोप मोडेल. म्हणजे मी शेवटचा प्रयत्न करायलो होतो.

आतून बायको पाणी घेऊन आली. तांब्या ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपली लेक याच आवाजात झोपायची. बंद केला की रडायची."

मग मॅडमकडे वळून म्हणाली, "घेऊन जा तुमी. ह्यांनी तो कशासाठी करून घेतला होता, ते ह्यांच्या ध्यानात राहिलं न्हाई फक्त."

असल्या प्रसंगासाठी मी दहावा नियम लिहिलेला नव्हता.

नियमाप्रमाणे चालवून दाखवणं आलं. मी पाणी भरलं, पिन लावली, बटण दाबलं. कूलर गप्प. एवढ्या वर्षांत प्रथमच मला वाटलं, बेटा, आज चालूच होऊ नको. मॅडमनी पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि विचारलं, "नेमकं कुठं मारायचं?" मी जागा दाखवली. त्यांनी शिक्षिकेच्या हातानं एकच दिली. कूलर असा सुरू झाला की हातगाडीवाला दोन पावलं मागं सरला.

शंभर रुपये कमी करू का, असं मीच विचारलं. त्या नको म्हणाल्या. पाणी भरताना आधी पिन काढा, कूलर खिडकीत बसवा आणि समोरचं दार उघडं ठेवा, तोंड छताकडं करा, असं मी तीन तीनदा सांगितलं. विटेचा तुकडाही आठवणीनं दिला. तो विटेचा तुकडा देताना जरा जड गेलं, हे कबूल करतो. रात्री आठच्या आत पोस्टखाली लिहिलं, "विकला."

त्या उन्हाळ्यात आम्ही प्लास्टिकचा कूलर घेतला. तो इतका हळू चालतो की चालू आहे की नाही हे बघायला उठावं लागतं. गच्चीवर मात्र दुपारी मागच्या गल्लीतून आधी चपलेचा आवाज यायचा आणि मग आमचा कूलर. बायको कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "झोपलं लेकरू."

यंदा मार्चमध्ये, रविवारी, आठ वाजून दोन मिनिटांनी ग्रुपवर फोटो आला. मॅडमची बदली चुडाव्याकडं झाली होती, लेक नातीला घेऊन सासरी गेली होती. पोस्ट माझ्याच नमुन्यावर, शब्दाला शब्द. फक्त बिघाडात एक भर होती: दोन्ही जाळ्यांना गंज. किंमत दोनशेनं कमी. आणि शेवटी, "थाप मारायची जागा दाखवून देऊ. बाळ असलेल्या घरानं जरूर न्यावा."

चष्मा शोधण्यात माझा वेळ गेला. तरी "मी घेतो" लिहून पाठवलं आणि छाती पुन्हा फुगली. मग वर पाहिलं तर एका मिनिटापूर्वी कुणीतरी "मी घेते" लिहून ठेवलं होतं.

नंबर ओळखीचा होता. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीबरोबर बायकोचा आवाज आला,

"पाचवा नियम तुमीच लिहिलाय. पहिला हक्क माझा. हातगाडीवाल्याला फोन लावा."